सदतीस वेळा ‘असे’, एकदाही ‘एकदा’ नाही

कोथरूडमधल्या एका सोसायटीला पन्नास वर्षं झाली म्हणून स्मरणिका काढायचं ठरलं, आणि आलेले लेख छापण्याजोगे करायचं काम आमच्या तिघांच्या गटाकडे आलं. लेख एकोणीस होते. त्यातल्या एकाच लेखाची दुरुस्ती इथे सविस्तर लिहीत आहोत, कारण बाकीच्यांत तुकड्यातुकड्यांनी भेटलेल्या अडचणी त्या एकात सगळ्या होत्या. लेख ७९ वर्षांच्या एका निवृत्त काकांचा. १९६६ ते १९७८ अशी बारा वर्षं ते सदाशिव पेठेतून खडकीच्या कारखान्यात सायकलने जात-येत होते. विषय ऐकून आम्ही खूश झालो होतो. खर्डा हातात आल्यावर त्यातला दुसरा परिच्छेद असा निघाला:

“त्या काळी पुणे हे सायकलींचे शहर म्हणून ओळखले जात असे. सायकल ही सर्वसामान्य माणसाच्या जीवनाचा अविभाज्य भाग होती. मी देखील रोज सायकलने कारखान्यात कामाला जात असे. त्या प्रवासात मला अनेक चांगले-वाईट अनुभव येत असत. तेव्हाचे पोलीस कर्तव्यदक्ष असत व नियमांचे पालन होत असे.”

यात व्याकरणाची चूक नाही, खोटंही काही नाही. पण दुसऱ्या वाक्यात सायकलच्या जागी रेडिओ घाला, रेशनकार्ड घाला, चहा घाला. वाक्य तितकंच खरं राहतं. चौथं वाक्य तर कुठल्याही प्रवासाबद्दल कुणीही लिहू शकेल. बारा वर्षं रोज पायडल मारलेला माणूस या पाच वाक्यांत कुठेच दिसत नाही.

आधी आम्ही खर्डा दुप्पट ओळअंतर ठेवून कागदावर छापून घेतला. पडद्यावर वाचताना डोळा पुढे पळतो, कागदावर पेन्सिल त्याला धरून ठेवते. प्रत्येक वाक्याच्या शेवटच्या शब्दाखाली रेघ मारली. मराठीत क्रियापद बहुतेक वेळा शेवटी येत असल्यामुळे या एका रेघेतून बरंच कळतं. लेखात ६१२ शब्द आणि ५४ वाक्यं होती. त्यातली ३७ वाक्यं ‘असे’, ‘असत’, ‘जात असे’, ‘येत असत’ अशी संपत होती. व्याकरणात याला रीती भूतकाळ म्हणतात: वारंवार घडणाऱ्या गोष्टीचा काळ. त्याच कागदावर मग ‘एकदा’, ‘एके दिवशी’, ‘त्या रात्री’ असे शब्द शोधले. एकही सापडला नाही.

दुखणं इथेच होतं. रीती भूतकाळ बारा वर्षांची मिळून एक चादर विणतो आणि सगळे दिवस तिच्याखाली झाकून टाकतो. ‘पोलीस अडवत असत’ म्हटलं की कुठला पोलीस, कुठला चौक, किती वाजता, काय बोलला, हे सांगायची गरजच उरत नाही. ‘एकदा पोलिसाने अडवलं’ म्हटलं की या सगळ्याची उत्तरं द्यावी लागतात. लेखात प्रसंग आणायचा म्हणजे ही चादर दोन-तीन जागी उचलायची. सगळी काढून टाकायची असं नाही. रोजचा क्रम सांगायला तो काळ लागतोच, त्याशिवाय वेगळा दिवस वेगळा वाटणार नाही.

आमच्या गटातल्या एकाने पहिल्या उत्साहात घरी बसूनच परिच्छेद ‘जिवंत’ करून आणला. त्यात पावसाची सर होती, भिजलेला डबा होता, कारखान्याचा भोंगा होता. वाचायला छान होता, पण त्यातलं काहीही काकांनी सांगितलेलं नव्हतं. तो परिच्छेद आम्ही ठेवला नाही. दुसऱ्याच्या नावाने छापायच्या आठवणीत आपण मनाने काही घालायचं नाही, हा नियम त्याच दिवशी ठरला. त्याला एक व्यवहारी कारणही आहे. कल्पनेने घातलेला तपशील नेहमी अपेक्षितच असतो. सायकल म्हटलं की पाऊस, कारखाना म्हटला की भोंगा. खरा तपशील बाजूने येतो, आणि तो वाटेत कुठे भेटेल हे घरी बसून ठरवता येत नाही.

म्हणून एका शनिवारी दुपारी काकांच्या घरी गेलो. त्यांना विचारून फोनवर ध्वनिमुद्रण सुरू केलं आणि पहिला प्रश्न चुकीचा विचारला: “काका, त्या काळातले काही अनुभव सांगा ना.” उत्तर आलं, “अहो, खूप मजा यायची. माणसं चांगली होती.” म्हणजे खर्डाच पुन्हा ऐकायला मिळाला. ‘अनुभव’ हा शब्द कानावर पडला की माणूस आपोआप भाषणाच्या सुरात जातो.

मग वस्तूंवर आलो. सायकल रात्री कुठे ठेवायचात? वाड्याच्या जिन्याखाली. डबा कुठे अडकवायचात? हँडलला, डावीकडे, कारण उजवीकडे घंटा. विजारीला तेल लागू नये म्हणून काय करायचात? क्लिप, आणि क्लिप हरवली की सुतळी. उत्तरं एकेका वाक्याची होती, पण सूर बदलला होता. पुढचा प्रश्न होता, “सगळ्यात जास्त काय बिघडायचं?” यावर काका गप्प झाले. अशा वेळी लगेच दुसरा प्रश्न घुसवला की पहिला वाया जातो. आम्ही सात-आठ सेकंद थांबलो. ते म्हणाले, “डायनॅमो.” त्यानंतर वीस मिनिटं आम्हाला काही विचारावं लागलं नाही.

बिघाडाचा प्रश्न इतका उपयोगी का, याचं कारण साधं आहे. नीट चालणारी वस्तू कुणाच्या लक्षात राहत नाही. बिघडली की माणूस थांबतो, आजूबाजूला बघतो, कुणाशी तरी बोलतो, खिशात हात घालतो. प्रसंगाला जागा, माणूस, बोलणं आणि पैसे लागतात, ते सगळं बिघाडाबरोबर आपोआप येतं. आमचा प्रश्नांचा क्रम पुढे तोच पक्का झाला: वस्तू कोणती, तिचं काय बिघडायचं, तेव्हा कोण भेटलं, खर्च किती आला. ‘तुम्हाला कसं वाटलं’ हे शक्यतो विचारलंच नाही. त्याचं उत्तर बहुतेक वेळा ‘बरं वाटलं’ किंवा ‘वाईट वाटलं’ एवढंच येतं.

ध्वनिमुद्रण दीड तासाचं झालं. ते सगळं उतरवून काढायच्या फंदात पडलो नाही. ऐकताना फक्त दोन प्रकारच्या जागी थांबलो: काकांनी ‘एकदा’ म्हटलं तिथे, आणि बोलता बोलता ते वर्तमानकाळात घुसले तिथे. “हवालदार म्हणतो, दिवा कुठाय,” असं कुणी म्हणू लागलं की त्याच्या डोळ्यांसमोर चौक उभा आहे असं खुशाल समजावं. अशा जागा अकरा निघाल्या.

अकराही घातल्या असत्या तर लेख चिवडा झाला असता. निवड करताना कसोटी एकच ठेवली. खर्ड्यातलं एखादं मोघम वाक्य कामावरून काढून त्याच्या जागी हा प्रसंग उभा राहू शकतो का? राहत असेल तर प्रसंग आत, वाक्य बाहेर. दोन्ही ठेवायची नाहीत. लोक इथेच चुकतात. ‘तेव्हाचे पोलीस कर्तव्यदक्ष असत’ हे वाक्य ठेवून त्याखाली पोलिसाचा प्रसंग जोडला की प्रसंग नुसता पुरावा होतो, निबंधातल्या उदाहरणासारखा. वाक्य काढलं की वाचक पोलिसाबद्दलचं मत स्वतः बनवतो. या कसोटीवर अकरापैकी चार टिकले.

पहिला हा. खर्ड्यातल्या ‘कर्तव्यदक्ष’ वाक्याच्या जागी तो आला:

“दुसरी पाळी रात्री अकराला सुटायची. इंजिनिअरिंग कॉलेजच्या चौकात एकदा हवालदाराने हात केला म्हणून थांबलो. थांबलो आणि दिवा गेला. डायनॅमोचा दिवा तो, चाक फिरेल तोवरच जळणार. ‘दिवा कुठाय?’ मी खाली उतरलो, सायकल स्टँडवर घेतली, हाताने पायडल फिरवलं आणि त्या रिकाम्या चौकात हवालदाराच्या सदऱ्यावर पिवळा उजेड पाडून दाखवला. ‘जा,’ म्हणाला.”

हे इतकं सरळ उतरलं नाही. पहिल्यांदा सांगताना काका म्हणाले होते की डायनॅमो पुढच्या चाकाला होता. आमच्यातल्या एकाला तिथेच खटकलं. सायकल मधल्या स्टँडवर घेतली की मागचं चाक जमिनीवरून उचललं जातं, पुढचं टेकलेलंच राहतं. आणि पायडलची चेन मागच्या चाकाला जोडलेली असते. डायनॅमो पुढच्या टायरला घासत असेल तर पायडल कितीही फिरवलं तरी पुढचं चाक हलणार नाही, दिवा लागणार नाही. म्हणजे एकतर डायनॅमो मागे होता, नाहीतर काकांनी पायडल न फिरवता पुढचं चाक उचलून हाताने फिरवलं. आम्ही दोन्ही शक्यता त्यांच्यापुढे ठेवल्या, आपल्याला सोयीची निवडली नाही. ते थोडा वेळ हाताने हवेत पायडल फिरवत बसले. मग म्हणाले, “मागे. मागच्या टायरला त्याचा पट्टा पडायचा, घासून घासून. पुढे होता तो भावाच्या सायकलला.”

ठोस तपशील तपासायचा तो असा, वस्तूच्या चालण्याने. लख्ख आठवणाऱ्या माणसाच्या सांगण्यातही दोन सायकली एकमेकींत मिसळतात. वाचकांत सायकल दुरुस्त केलेला एक जरी माणूस असला आणि त्याला डायनॅमो चुकीच्या चाकाला दिसला, तर त्याचा बाकीच्या लेखावरचा विश्वासही तिथेच उडतो. शिवाय तपासताना आयता एक नवा तपशील मिळाला: टायरवरचा घासल्याचा पट्टा. तो आधीच्या परिच्छेदात गेला. ‘डायनॅमो मागच्या टायरला टेकवला की पायडल जड जायचं, आणि टायरवर त्याचा पट्टा पडला होता.’ हे वाक्य तिथे असल्यामुळेच चौकातल्या प्रसंगात काही समजावून सांगावं लागत नाही. प्रसंग चालू असताना यंत्र समजावायला थांबलं की प्रसंगाचा दम जातो. ज्या माहितीवर तो उभा आहे ती आधीच, सहज बोलल्यासारखी, पेरून ठेवावी लागते.

कुठला तपशील ठेवायचा हेही यावरूनच ठरलं. काकांनी सायकलचा रंग, सीटचं कव्हर, घंटेचा आवाज असं पुष्कळ सांगितलं होतं. त्यातलं जे पुढे कुठे कामाला आलं तेवढंच ठेवलं. मागच्या चाकाला डायनॅमो कामाला येतो. हिरवा रंग कुठेच येत नाही. सुतळीची क्लिप मात्र पुढे काहीही होत नसताना ठेवली, कारण क्लिप हरवल्यावर सुतळी बांधणारा माणूस वाचकाच्या मनात आधीपासून नसतो. प्रत्येक नामामागे एक विशेषण चिकटवलं की मजकूर दुकानाच्या यादीसारखा होतो, आणि वाचकाला नेमकं काय लक्षात ठेवायचं ते कळेनासं होतं.

आता लयीकडे. जुना परिच्छेद आणि नवा परिच्छेद, दोन्हींतल्या वाक्यांचे शब्द मोजून समासात लिहिले. जुन्यात १०, ८, ८, ८, ९. नव्यात ५, ९, ४, ७, २, १९, २. एकूण शब्द ४३ वरून ४८ झाले, म्हणजे लांबी जवळपास तीच. बदलली ती चाल. जुना परिच्छेद मोठ्याने वाचला तर पाढे म्हटल्यासारखा हेल लागतो, आणि पाचातली चार वाक्यं ‘असे-असत’वर आपटतात. नव्यात शेवट असे आहेत: सुटायची, थांबलो, गेला, जळणार, कुठाय, दाखवला, म्हणाला.

यातलं १९ शब्दांचं वाक्य मुद्दाम लांब ठेवलं आहे. उतरणं, स्टँडवर घेणं, फिरवणं, उजेड पाडणं ही चार कामं काकांनी एका दमात केली, मध्ये पोलिसाला बोलायला वाव दिला नाही. वाक्यातही पूर्णविरामाला वाव नाही. उलट ‘थांबलो आणि दिवा गेला’ हे चार शब्दांत, कारण घटनाच तेवढी आहे. वाक्याची लांबी प्रसंगात किती वेळ गेला किंवा किती कामं एकमेकांना चिकटून झाली त्यावरून ठरवली तर लय आपोआप खालीवर होते. समासातले आकडे केवळ निदानासाठी. ५, ९, ४ असा साचा समोर ठेवून वाक्यं कापायला बसलं की दुसराच रोग होतो.

तो आम्हाला झालाही. मधल्या एका आवृत्तीत हा परिच्छेद असा होता: “रात्र. अकरा वाजलेले. रस्ता सुनसान. अचानक शिट्टी. हवालदार. मी थांबलो. दिवा गेला.” प्रत्येक वाक्य तुटलेलं, म्हणजे पुन्हा सगळी सारखीच. शिवाय ७९ वर्षांचे सदाशिव पेठेतले काका असं बोलत नाहीत, असं जाहिरातीत बोलतात. मुद्रण पुन्हा ऐकलं तेव्हा दिसलं की ते लांब वाक्यं बोलतात, मध्येच ‘आणि’ लावून पुढे जातात, आणि एकदम थांबतात. ‘डायनॅमोचा दिवा तो, चाक फिरेल तोवरच जळणार’ ही शब्दांची जुळणी त्यांचीच आहे. ‘तो’ नामाच्या नंतर टाकणं, ‘जळणार’ने वाक्य संपवणं हे आम्हाला टेबलावर सुचलं नसतं. अशी जुळणी मुद्रणात मिळाली की तिला हात लावायचा नाही. ती ‘डायनॅमोचा दिवा चाक फिरत असेपर्यंतच जळत असे’ अशी सरळ केली की पुन्हा ३७ मध्ये भर पडते.

दुसरा प्रसंग अगदी छोटा. खर्ड्यात ‘लोक एकमेकांना मदत करत असत, माणुसकी होती’ अशा अर्थाचा पूर्ण परिच्छेद होता, शंभरएक शब्दांचा. त्याच्या जागी वीस शब्द आले:

“वाकडेवाडीत एकदा पंक्चर झाली. दुकानं बंद. बरोबरचा सोबती शिवाजीनगरपर्यंत माझ्याशेजारी चालत आला, स्वतःची सायकल हातात धरून. त्याची सायकल ठणठणीत होती.”

यापुढे एक ओळ लिहायचा मोह सगळ्यांनाच झाला. ‘अशी माणसं आता कुठे’ ही ती ओळ. दोघांनी ती वेगवेगळी सुचवली. लिहिली नाही. हा परिच्छेद एवढाच राहिला, आणि त्यामुळे पानाची चालही सुधारली. मूळ खर्ड्यात सहा परिच्छेद होते, सगळे साधारण शंभर शब्दांचे, विटा रचल्यासारखे. नव्या लेखातही सहाच आहेत, पण त्यांचे शब्द ९५, २७३, २०, १४८, ११० आणि ५८. डायनॅमो आणि रात्रीचा रस्ता यांना सगळ्यात मोठी जागा मिळाली, कारण काकांकडे त्याचंच सगळ्यात जास्त होतं. पगार, बढती, कारखान्याचा इतिहास यावर त्यांना फारसं बोलायचं नव्हतं, तर त्यावर लेखानेही फारसं बोलू नये.

तिसरा प्रसंग तारखेवर अडकला. काकांनी सांगितलं, “नोकरीच्या पहिल्याच हिवाळ्यात, रात्री परतताना, बालगंधर्वसमोर नाटकाच्या लोकांची गर्दी होती, सायकल हातात धरून चालत जावं लागलं.” नोकरी लागली जून १९६६ मध्ये. बालगंधर्व रंगमंदिराचं उद्‌घाटन झालं जून १९६८ मध्ये. पहिल्या हिवाळ्यात तिथे नाटक असणं शक्यच नाही. पुण्याचा वाचक हे पकडणारच. पण वर्षच विचारलं की माणूस पुन्हा अंदाजानेच सांगतो, म्हणून खुणेच्या घटना पुढे ठेवल्या. पानशेत फुटलं १२ जुलै १९६१ ला. तेव्हा काका शाळेत, इथे उपयोग नव्हता. कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेचा. “ती गर्दी भूकंपाच्या आधीची की नंतरची?” काकांना नक्की सांगता येईना. तेवढ्यात आतून काकू म्हणाल्या, “नंतरची. तुम्ही उशीर का झाला ते मला येऊन सांगितलं होतंत, आणि आपलं लग्न एकोणसत्तरचं.” प्रश्न मिटला. ‘पहिल्याच हिवाळ्यात’ काढून ‘लग्नानंतरच्या हिवाळ्यात’ केलं, आणि काकूंचं वाक्य जवळपास तसंच लेखात घेतलं. दार उघडणाऱ्या बायकोला उशिराचं कारण सांगणारा माणूस त्यातून मिळाला, जो आधीच्या सांगण्यात नव्हता.

काकू नसत्या तर आम्ही हिवाळा काढून टाकला असता आणि नुसतं ‘एका रात्री’ ठेवलं असतं. जुळत नाही म्हणून गर्दी दुसऱ्या नाट्यगृहासमोर नेऊन ठेवणं हा पर्याय नव्हताच.

चौथा प्रसंग अकरांमध्ये सगळ्यात रंगतदार होता. एका सहकाऱ्याने उसनी नेलेली सायकल परस्पर गहाण टाकली आणि काका महिनाभर पायी गेले. आम्ही तो उतरवला, लयही छान जमली, जवळजवळ दीडशे शब्द झाले. दुरुस्त लेख वाचून दाखवल्यावर काका म्हणाले, “हे नको. त्याची मुलं इथेच राहतात.” नाव घातलेलं नव्हतं, तरी विभाग आणि साल यावरून ओळखीच्यांना माणूस कळला असता. तपशील जितका नेमका तितका तो खऱ्या माणसापर्यंत पोचतो, हे आम्ही आधीच लक्षात घ्यायला हवं होतं. सहकाऱ्याचं गाव बदलून, साल बदलून प्रसंग वाचवता आला असता, पण मग तो काकांचा राहिला नसता. काढून टाकला. त्याच्या जागी अकरांतलाच पण आधी बाजूला ठेवलेला एक घेतला, लकडी पुलावर चेन उतरली आणि हात काळे झाले तो. तो तितका जोरदार नाही. लेखाच्या चौथ्या परिच्छेदात थोडी ढिलाई जाणवते ती त्यामुळे, आणि ती आम्ही तशीच राहू दिली.

भाषेच्या रूपांचा निर्णय खरं तर सुरुवातीलाच घ्यायला हवा होता. खर्डा ‘होते, केले, सायकलींचे’ अशा लेखी रूपात होता आणि मुद्रणातून उतरवलेले प्रसंग ‘फिरवलं, दुकानं’ अशा बोलण्याच्या रूपात. दोन्ही शेजारी आले की कुठला भाग जुना आणि कुठला घातलेला हे शिवणीसारखं दिसतं. संपूर्ण लेख बोलण्याच्या रूपात आणला. ते करताना एक अनपेक्षित फायदा झाला. ‘अविभाज्य भाग’, ‘काटेकोर पालन’, ‘या माध्यमातून’ असे शब्दप्रयोग बोलण्याच्या रूपात बसतच नाहीत. ‘सायकल माझ्या जगण्याचा अविभाज्य भाग होती’ हे काका कुणाला तोंडी सांगतील का, असं विचारलं की उत्तर लगेच मिळतं. पंधरा-सोळा वाक्यं अशी आपणहून गळाली. ‘तसेच’, ‘त्याचप्रमाणे’, ‘याशिवाय’ हे परिच्छेद सुरू करणारे शब्दही गेले. प्रसंग एकामागून एक वेळेच्या क्रमाने लागले की त्यांना जोडायला वेगळा दोर लागत नाही.

शेवटचा परिच्छेद मूळ खर्ड्यात वाहनांची वाढती संख्या, प्रदूषण आणि नव्या पिढीने सायकलकडे वळावं असं आवाहन असा होता. त्याच परिच्छेदात, दोन स्वल्पविरामांच्या मध्ये, ‘पुढे मी लूना घेतली’ एवढं दडलेलं होतं. त्याबद्दल विचारलं. लूना १९७८ मध्ये घेतली, दुसरी पाळी चालूच होती, गुडघा दुखायला लागला होता. मग सायकलचं काय झालं? काकांनी सांगितलेलं जवळजवळ शब्दशः छापलं: “सायकल जिन्याखालीच राहिली. दोन्ही टायर बसले. पंप मात्र वाड्यातली पोरं मागून न्यायची, आणि आणून द्यायला विसरायची.” आवाहनाचा परिच्छेद गेला. काकांना आधी ते थोडं लागलं, कारण लेखातून काहीतरी संदेश जावा असं त्यांना वाटत होतं. आम्ही दोन्ही शेवट त्यांना लागोपाठ वाचून दाखवले आणि निर्णय त्यांच्यावर सोडला. त्यांनी पंपाचा ठेवला.

सगळं झाल्यावर लेख काकांनाच मोठ्याने वाचायला दिला आणि आम्ही दुसऱ्या प्रतीवर खुणा करत बसलो. ज्याचा लेख त्यानेच वाचायचा. दुसरा कुणी सफाईने वाचून वाक्यातली अडचण झाकून टाकतो. काका सहा जागी अडखळले. चार जागी आमचे शब्द होते, ते बदलले. एका जागी वाक्य वाचताना त्यांनी स्वतःहूनच शब्दांचा क्रम फिरवला आणि त्यांना कळलंही नाही. त्यांचा क्रम घेतला. सहाव्या जागी, हवालदाराच्या ‘जा’पाशी, ते हसायला लागल्यामुळे थांबले होते. तिथे काही केलं नाही. आता ‘असे-असत’ने संपणारी वाक्यं दोन उरली होती आणि ‘सुटायची, जायचं’ यांसारखी नऊ. लेख ७०४ शब्दांचा झाला होता.

छापखान्यातून मुद्रितं आली तेव्हा अक्षरजुळणी करणाऱ्याने चांगल्या हेतूने एक दुरुस्ती केलेली दिसली. हवालदार म्हणत होता, ‘दिवा कुठे आहे?’ मुद्रितावर लाल पेनाने ते खोडून समासात पुन्हा ‘कुठाय’ लिहिलं, आणि दुसऱ्या मुद्रितात ते परत तसंच आलेलं पाहून तिसऱ्यांदा छापखान्यात जाऊन, शेजारी उभं राहून ते बदलून घेतलं.